कोड लँडलाइनवर हवा असेल तर मेसेज नको, फोन मागा

«माझं जीमेल खातं पंधरा वर्षांचं आहे आणि त्याला नोंदवलेला नंबर घरच्या लँडलाइनचा आहे. मुलाने नवा टॅब पाठवला. त्यावर खातं उघडायला गेले तर पासवर्डनंतर ‘कोड पाठवला आहे’ असं आलं. कोड काही आला नाही. तीनदा केलं. मोबाइल मी वापरत नाही आणि आता या वयात घ्यायचाही नाही. भाची म्हणते, फोन करून कोड सांगण्याची सोय असते. ती मागायची कशी? आणि बँकेत, आधारला हाच नंबर देऊन तसंच कोड ऐकता येईल का?»
— निवृत्त शिक्षिका, चरई, ठाणे

बाई, नमस्कार.

आधी एक विनंती. आज आणखी प्रयत्न करू नका. थोड्या वेळात फार वेळा कोड मागितला की समोरची यंत्रणा संशय घेते आणि काही तास, कधी दिवसभरही, दारच बंद करते. उद्या सकाळी ताज्या डोक्याने बसा.

तुमची भाची बरोबर सांगते आहे. मेसेज पोहोचतो तो सिमकार्डावर. लँडलाइनच्या तारेच्या टोकाला सिम नसतं, मेसेज ठेवायला जागा नसते आणि आपल्याकडे तो वाचून दाखवणारी व्यवस्थाही नाही. पडद्यावर ‘कोड पाठवला’ असं येतं, त्याचा अर्थ एवढाच की त्यांच्या बाजूने तो टपालपेटीत पडला. तो पोहोचला की नाही, हे त्या वाक्याला ठाऊक नसतं. म्हणून वाट बघत बसू नका. लँडलाइनवर कोड मिळायचा एकच रस्ता आहे. त्यांच्या यंत्राने तुमचा फोन वाजवायचा आणि आकडे बोलून दाखवायचे. हा रस्ता त्या कंपनीने मुद्दाम बांधलेला असावा लागतो. गूगलने तो ठेवला आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठीचं अ‍ॅपही तसंच करतं. दुकानाच्या जुन्या लँडलाइनवर ते सुरू करायचं तर ठरावीक वेळ थांबून ‘Call me’ निवडायचं असतं.

आता तुमच्या टॅबवर काय करायचं ते एकेक पाऊल सांगते.

टॅब टेलिफोनशेजारी घेऊन बसा. आपली घरं लहान असली तरी फोन हॉलमध्ये आणि टॅब आतल्या खोलीत चार्जिंगला, असं सर्रास असतं. या कामात मध्ये धावपळ झाली की आकडे विसरतात. जवळ कागद आणि चालणारं पेन ठेवा. खात्याचा पत्ता, मग पासवर्ड टाका. कोडाचा पडदा आला की तिथे नोंदवलेल्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसतील. ते तुमच्या लँडलाइनचेच आहेत ना, हे पहिल्यांदा बघा. एखाद्या वेळी तिथे मुलाचा जुना नंबर असतो आणि आपण इकडे फोनकडे बघत बसतो. आकडे जुळले तर खाली ‘Try another way’ असं लिहिलेलं असतं, ते दाबा. पर्यायांची यादी उघडेल. त्यात त्याच नंबरवर मेसेजऐवजी फोन करून कोड देण्याचा पर्याय शोधा आणि तो निवडा. काही क्षणांत तुमचा फोन वाजेल.

उचलल्यावर ‘हॅलो, कोण बोलतंय’ यात वेळ घालवू नका. पलीकडे माणूस नाही. ध्वनिमुद्रित आवाज लगेच बोलायला लागतो. तो इंग्रजीत असेल असं धरून चला. बहुतेक ठिकाणी कोड सहा आकडी असतो, एकेक आकडा सुटा उच्चारतात आणि तेच पुन्हा म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना नुसतं लिहा, दुसऱ्यांदा ऐकताना लिहिलेलं ताडून बघा. मग फोन ठेवा आणि टॅबवर टाका. कोड काही मिनिटांचाच पाहुणा असतो, पण तेवढ्यात शांतपणे लिहून होतं; घाई नको.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती तुमच्या कानांची नाही. टेलिफोनची तार साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते. ‘फ’ आणि ‘स’ यांच्यातला जो बारीक वाऱ्यासारखा भाग असतो, तो बराचसा त्याच्या वर राहतो आणि कापला जातो. म्हणून इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ फोनवर एकसारखे ऐकू येतात. दोन्हींच्या मधला ‘आय’ तेवढा ठळक पोहोचतो, कडेचं सगळं पुसट. विमानाचे वैमानिक रेडिओवर नाइनला ‘नाइनर’ म्हणतात, तेही याचसाठी. माझ्या मावशीने नौपाड्यातल्या घरी सलग दोन कोड चुकीचे टाकले. तिसऱ्या खेपेला मी शेजारी बसले तेव्हा कळलं, दोन्ही वेळा नऊच्या जागी पाच लिहिला गेला होता. तुम्हाला अशी शंका आली तर त्या आकड्याखाली रेघ मारा आणि दुसऱ्या उच्चाराच्या वेळी फक्त तिकडे कान द्या. तरीही कोड चुकला असं आलं, तर तोच कोड पाचाचा नऊ करून एकदा टाकून बघा. नवा कोड मागायच्या आधी हे करा, कारण नवा मागितला की बहुतेक ठिकाणी जुना रद्द होतो. त्यामुळेच दोन कोड एका कागदावर लिहू नका. वापरून झालेल्या किंवा रद्द झालेल्यावर काट मारत चला. मावशीच्या कागदावर तीन कोड एकाखाली एक होते आणि त्यातला कुठला ताजा, हे तिलाच सांगता येईना.

फोन वाजलाच नाही तर? तेव्हा नंबर कसा नोंदवला आहे ते तपासायला हवं. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हींचा एसटीडी कोड 022. आपण तोंडाने शून्य-बावीस म्हणतो, लिहितानाही तसंच लिहितो. पण +91 पुढे नंबर टाकताना ते शून्य गळतं. शून्य हा फक्त देशातल्या देशात दूरचा नंबर फिरवताना लागणारा आकडा आहे, नंबराचा भाग नाही. म्हणजे तुमचा पूर्ण नंबर असा बसायला हवा:

```
+91 22 25xx xxxx
```

22 आणि पुढचे आठ मिळून दहा आकडे होतात. 022 लिहिलंत तर अकरा होतात, नुसता घरचा नंबर लिहिलात तर आठच. दोन्ही वेळा तो नंबर चुकीचा ठरतो, किंवा स्वीकारला जातो पण कॉल कुठेच पोहोचत नाही. डोंबिवली-कल्याणच्या वाचकांसाठी मध्येच सांगते: तुमचा कोड 0251, म्हणून शून्य सोडून 251 आणि पुढचे सात आकडे. बेरीज तिथेही दहाच. तुमच्या बाबतीत, बाई, नंबर पंधरा वर्षांपूर्वी बसवताना कुणीतरी असाच कॉल घेऊन तो पक्का केला असणार, त्यामुळे तो ठीक असण्याची शक्यता जास्त.

फोन वाजतो पण कोड ऐकू येत नाही, असंही होतं. याची दोन कारणं मी स्वतः पाहिली आहेत. माझ्या चुलत भावाच्या छापखान्यात त्याच नंबरवर फॅक्स यंत्र जोडलेलं होतं. ते दुसऱ्या घंटीला स्वतःच फोन उचलायचं आणि कोड सांगणाऱ्या आवाजाला शिट्टी ऐकवायचं. बिचारा भाऊ आठवडाभर ‘कोड येत नाही’ म्हणून वैतागला होता. यंत्राची स्वयंचलित उचल बंद केली आणि पहिल्याच कॉलला कोड मिळाला. उत्तर टिपून घेणारं यंत्र असेल किंवा नंबर ‘अमुकसाठी एक दाबा’ अशा स्वागतवाणीतून जात असेल, तर तिथेही तेच होतं. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात आणि कोड वाया जातो. तुमच्याकडे साधा संच असेल तर ही काळजी नाही.

काही कंपन्या कोड सांगायच्या ऐवजी ‘मान्य असेल तर # दाबा’ असं विचारतात. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन खात्यांमध्ये अशी पद्धत आहे. तिथे फोन टोनवर असावा लागतो. जुन्या संचाच्या बुडाशी किंवा कडेला P आणि T लिहिलेली छोटी कळ असते, ती T वर हवी. P वर असेल तर # चं बटण दाबूनही पलीकडे काही पोहोचत नाही. गूगलचा कोड नुसता ऐकायचा असतो, तिथे तबकडीचा फोनसुद्धा चालेल.

कोड मिळून खातं उघडलं की, बाई, उठू नका. त्याच बैठकीत आणखी एक काम करा, कारण सगळं एका तारेवर टांगून ठेवणं मला पटत नाही. तुमचा फोन तांब्याच्या तारेवर आहे की फायबरवर, ते बघा. भिंतीतून तार थेट फोनला येत असेल तर तांब्याची. मध्ये मिणमिणत्या दिव्यांची पेटी असेल तर फायबर. तांब्याच्या लाइनला वीज एक्सचेंजमधून, 48 व्होल्टच्या बॅटरीवरून मिळते, म्हणून घरचे दिवे गेले तरी फोन चालतो. फायबरची पेटी मात्र घरच्या विजेवर चालते. दिवे गेले की फोनही मुका. आणि तांब्याच्या तारेचं पावसाळ्यात काय होतं ते ठाणेकरांना मी काय सांगावं. जुलैमध्ये खरखर सुरू झाली की सहापैकी चार आकडे कळतात.

म्हणून खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जा, तिथे ‘2-Step Verification’ उघडा आणि ‘Backup codes’ निवडा. पासवर्ड पुन्हा विचारला जाईल. दहा कोड मिळतील, प्रत्येक आठ आकड्यांचा, प्रत्येक एकदाच वापरता येणारा. ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवा. तुमचं अक्षर मला ठाऊक नाही, पण फळ्यावर आयुष्य गेलेल्या हाताचं ते चांगलंच असणार. वही टॅबच्या पिशवीत नको. जिथे पासबुक ठेवता तिथे ठेवा. ज्या दिवशी लाइन बंद असेल त्या दिवशी ‘Try another way’ मधूनच यातला एक कोड टाकता येतो. वापरला की त्यावर काट मारा. नवा संच काढलात तर जुना पूर्ण रद्द होतो, तेव्हा दोन याद्या जवळ बाळगू नका. घरात जुना संगणक असेल आणि त्यावर खातं अजून उघडं असेल, तर उद्या टॅबकडे वळण्याआधी तिथूनच हे कोड काढून बघा. कदाचित फोनची गरजच पडणार नाही.

आता मला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सांगते. कोडाचा फोन तुम्ही मागितला नसताना आला, तर तो गंभीर इशारा आहे. दोन पायऱ्यांच्या लॉगिनमध्ये कोडाचा टप्पा पासवर्ड बरोबर पडल्यानंतर येतो. म्हणजे कुणाकडे तरी तुमचा पासवर्ड असू शकतो, किंवा कुणीतरी ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून तुमच्या खात्यात शिरायला बघतं आहे. असा फोन आला तर आकडे लिहायचेसुद्धा नाहीत. ठेवून द्यायचा आणि आधीपासून उघड्या असलेल्या टॅबवरून त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा.

यानंतर दहा मिनिटांत दुसरा फोन येण्याची शक्यता असते, आणि त्यावर माणूस असतो. तो गोड बोलतो, ‘मॅडम’ म्हणतो, टेलिफोन खात्यातून किंवा बँकेतून बोलतो म्हणतो, ‘आत्ता तुम्हाला जो नंबर सांगितला तो मला कन्फर्म करा’ असं विचारतो. त्यानेच तिकडून तुमच्या नंबरवर कोड मागवलेला असतो. लँडलाइनवरच्या माणसाला हे जास्त फसवतं, कारण घरच्या फोनवर आलेला आवाज आपल्याला घरचाच वाटतो. फेब्रुवारी 2025 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने याच्याच भावंडाबद्दल इशारा दिला होता. ‘तुमच्या ओळखीच्या माणसाचा फोन येतोय, तो जोडून घ्या’ असं सांगतात आणि जोडला जाणारा फोन प्रत्यक्षात कोड सांगणाऱ्या यंत्राचा असतो. आकडे तुमच्याबरोबर तो भामटाही ऐकतो. तेव्हा फोन चालू असताना दुसरा कुणी जोडून घ्यायला सांगितला की बोलणं तिथेच तोडा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 वर तक्रार नोंदवा.

तुमच्या घरी आतल्या खोलीत त्याच लाइनचा दुसरा संच असेल तर तो उचलणाऱ्यालाही कोड ऐकू येतो, हेही लक्षात असू द्या. घरच्यांवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण भाडेकरू किंवा कामावर येणारं कुणी त्या खोलीत असेल तर कोड मागण्याआधी तो संच काढून ठेवा.

बँक आणि आधार. इथे मला तुम्हाला नाही म्हणावं लागतंय, आणि ते सरळ सांगितलेलं बरं. आधारचा कोड नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. लँडलाइनवर बोलून सांगण्याची सोय तिथे नाही. बँकेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाने मोबाइल नंबर दिला नाही तर एटीएममधून रोख काढण्यापलीकडचे इलेक्ट्रॉनिक व्यवहार बँकेने त्याला देऊ नयेत, असं म्हटलं आहे. त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालून उपयोग नाही, तिच्या हातात काही नाही. शिवाय आपल्याकडचे बरेच अर्ज नंबराचा पहिला आकडा 6 ते 9 मधला आहे ना एवढंच बघतात, कारण आपले मोबाइल नंबर तिथूनच सुरू होतात. तुमचा 22 ने सुरू होणारा नंबर दहा आकडी असूनही ते परत करतात. तेव्हा तुमच्या हाताची चूक समजू नका.

यावर माझं मत असं: चेक, पासबुक आणि एटीएमवर तुमचं भागत असेल, तर केवळ कोडापायी नेटबँकिंग घेऊ नका. मोबाइलशिवाय राहण्याचा तुमचा निर्णय मला समजतो आणि तो मोडायला मी सांगणार नाही. मात्र आधारच्या कामाला कधीतरी मोबाइल नंबर लागेलच असं वाटत असेल, तर बटणांचा साधा फोन आणि एक सिम घेऊन तो लँडलाइनशेजारीच चार्जिंगला ठेवता येतो. तो बरोबर घेऊन फिरायचा नाही, घरच्या फोनसारखाच घरी बसेल. सिम तुमच्याच नावावर घ्या, मुलाच्या किंवा भाचीच्या नाही. अधूनमधून रिचार्ज करून एखादा फोन लावत जा, कारण 90 दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. आधारला तो नंबर जोडायला कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. केंद्रावर रांगेत उभं राहवत नसेल तर जवळच्या पोस्टात चौकशी करा. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन मोबाइल नंबर जोडून देतो.

आणि बाई, पुढेमागे मुलाकडे राहायला गेलात आणि लँडलाइन परत करायची ठरवलीत, तर अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी जीमेलमधून तो नंबर काढा. बंद झालेला नंबर कालांतराने दुसऱ्या कुणाच्या घरी वाजू शकतो, आणि मग तुमचा कोड ऐकणारा तो असतो. आधी दुसरा नंबर किंवा बॅकअप कोड हाताशी आहेत याची खात्री करा, मग जुना काढा, मग अर्ज द्या. क्रम असाच ठेवा. उलटा केलात तर नवा नंबर नोंदवायला यंत्र जुन्याच नंबरवर फोन करून कोड सांगेल, आणि तो फोन तुमच्या घरी वाजणार नाही.